#धुळे की #dhule?

मराठी पोस्ट लिहून झाली की शेवटी एक प्रश्न उरतोच. टॅग कुठल्या लिपीत टाकायचा? #धुळे लिहायचं की #dhule? बहुतेक जण विचार न करता दोन्ही टाकतात आणि मोकळे होतात. ‘देवनागरी म्हणजे अस्मिता, रोमन म्हणजे रीच’ असं एक समीकरण डोक्यात पक्कं बसलेलं असतं. मी धुळ्याचा, पोटापाण्यासाठी पुण्यात, आणि दिवसभर स्ट्रिंगशी झटापट करणं हाच माझा धंदा. म्हणून गेले काही शनिवार-रविवार या समीकरणाच्या मागे लागलो होतो. ते अर्धंच खरं निघालं. कुठला अर्धा भाग खरा ते सांगतो, पण त्यासाठी थोडं मागे जावं लागेल.

२३ ऑगस्ट २००७ ला ख्रिस मेसिना नावाच्या माणसाने ट्विटरवर सुचवलं की एखाद्या विषयाचे संदेश एकत्र सापडावेत म्हणून शब्दाआधी # लावूया. ट्विटर कंपनीला तेव्हा हे फारच ‘गीक’ वाटलं होतं. पण लोकांनी ते उचललं आणि जुलै २००९ पासून ट्विटर अशा शब्दांना आपोआप दुवा करायला लागलं. म्हणजे #dhule वर टिचकी मारली की धुळ्याबद्दल लिहिणारे सगळे समोर.

आता मराठी माणसाने त्या काळात #मराठी लिहिलं तर काय व्हायचं? काहीही नाही. ते साध्या काळ्या अक्षरात तसंच पडून राहायचं, दुवा व्हायचाच नाही. ट्विटरने शब्द ओळखण्याचा आपला कोड सगळ्यांसाठी खुला ठेवला होता, twitter-text या नावाने. त्यात कुठल्या लिपीची अक्षरं टॅगमध्ये चालतील याची एक यादी होती. रोमन तर होतीच. २०११ पर्यंत त्यात रशियनची सिरिलिक, कोरियन, जपानी आणि चिनी आल्या. हिब्रू, अरबी, थाई याही होत्या. देवनागरी नव्हती!

याचं एक कारण नेहमी सांगितलं जातं ते मात्रांचं. युनिकोडमध्ये ‘म’ हे अक्षर आहे, पण काना, वेलांटी, उकार, अनुस्वार आणि हलन्ताचा पाय हे ‘अक्षर’ या वर्गात येत नाहीत, ‘चिन्ह’ या वेगळ्या वर्गात येतात. इंग्रजी डोक्यात ठेवून लिहिलेला प्रोग्रॅम ‘अक्षरं संपेपर्यंत वाचत जा’ असं म्हणतो आणि पहिल्याच मात्रेला अडखळतो. यात जुनं-पुराणं काही नाही. आजच्या पायथनमध्येसुद्धा हे करून बघा:

```python
import re
re.findall(r'#\w+', '#मराठी #धुळे #जळगाव #dhule')
# ['#मर', '#ध', '#जळग', '#dhule']
```

‘मराठी’चं थेट ‘मर’ झालं. आता यावर काय बोलणार :) 

पण मात्रांचं कारण मला पूर्ण पटत नाही. थाई लिपीतही स्वरांची चिन्हं अक्षराच्या वर-खाली बसतात, आणि ती यादीत हाताने घातलेली होती. ज्यांच्या बाजारपेठेची काळजी होती त्यांचं काम आधी झालं, इतकंच. देवनागरीसाठी २०१५ ची सुरुवात उजाडावी लागली. तेव्हा वेगवेगळ्या लिप्यांची यादी बाजूला ठेवून ‘कुठलंही अक्षर आणि कुठलंही चिन्ह’ असा सरळ नियम आला. म्हणजे ट्विटरवर रोमन टॅग साडेपाच वर्षं आधी धावायला लागला होता. सवयी याच काळात पडल्या. त्याआधी एसएमएसनेही हेच शिकवलेलं. रोमनमध्ये एका एसएमएसमध्ये १६० अक्षरं बसायची, देवनागरीत ७०. पैसे वाचवायला ‘kay chalay’ लिहिणारी पिढी टॅग देवनागरीत कशाला लिहील?

२०१५ नंतर मराठी ट्विटरवाल्यांनी ही उणीव भरून काढायचा मनापासून प्रयत्न केला. फेब्रुवारी २०१७ मध्ये डोंबिवलीला साहित्य संमेलन भरलं, त्याच दिवसांत ट्विटरवर #ट्विटरसंमेलन झालं. टॅग मुद्दाम देवनागरीत. चांगली गोष्ट. पण संमेलनाचा टॅग आधी ठरवून जाहीर करतात, सगळे तोच नक्कल करून चिकटवतात. रोजच्या पोस्टचं तसं नसतं, तिथे प्रत्येकजण आपल्या मनाने टॅग बनवतो. खरी गंमत तिथे सुरू होते.

टॅग ही तुलना करायची स्ट्रिंग आहे. अर्थ, उच्चार, भावना यांच्याशी मशीनला देणंघेणं नाही. दोन टॅग तंतोतंत सारखे असले तर एका ढिगात, नसले तर दोन ढिगांत. रोमनला एक सवलत मिळते: कॅपिटल आणि स्मॉल अक्षरं एकच धरली जातात, म्हणून #Dhule, #DHULE, #dhule तिन्ही एकाच ढिगात. देवनागरीत ही भानगडच नाही, म्हणजे सवलतही नाही. तेव्हा रीचचा पहिला प्रश्न असा की एकाच गोष्टीबद्दल बोलणारे लोक किती ढिगांत विभागले जातात.

आपल्या भागाचंच नाव घ्या. देवनागरीत #खान्देश आणि #खानदेश. दोन्ही रूपं सर्रास चालतात, आणि दोन्ही बाजूंचे लोक आपलंच बरोबर म्हणून भांडायला तयार. रोमनमध्ये मात्र #khandesh, बस्स. जळगावचं तसंच. आजचं प्रमाण रूप #जळगाव, पण जुन्या पाट्यांवर आणि जुन्या लोकांच्या बोटांत ‘जळगांव’ अजून आहे, आणि हिंदी माणूस ‘जलगांव’ लिहितो. तीन ढीग. रोमनमध्ये एकच #jalgaon.

असं का? कारण गावांची रोमन नावं आपण ठरवलेली नाहीत, सरकारी कागदांनी ठरवली. साहेबाने नकाशे काढले, गॅझेटियर छापली, रेल्वेची वेळापत्रकं काढली आणि प्रत्येक गावाला एक रोमन नाव चिकटवलं. ते नाव उच्चाराला धरून असेलच असं नाही. १८८० च्या खानदेश गॅझेटियरमध्ये आपलं धुळे ‘Dhulia’ आहे. १९०६ मध्ये खानदेशाचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे झाले, १९६० नंतर पश्चिम खानदेशाला धुळ्याचं नाव मिळालं, आणि पुढे कधीतरी Dhulia जाऊन Dhule आलं. पण प्रत्येक काळात शासनमान्य स्पेलिंग एकच! शाळेच्या दाखल्यापासून आधार कार्डापर्यंत आपण तेच घोटलेलं. म्हणून गावाच्या नावाचा रोमन टॅग फुटत नाही.

याच्या उलट साधे मराठी शब्द घ्या. शेवभाजी! देवनागरीत कुणीही लिहिलं तरी #शेवभाजी. रोमनमध्ये #shevbhaji, #shevbhaaji, #sevbhaji, #shevbhajji… हॉटेलच्या पाट्यांवरच चार तऱ्हा दिसतात. ‘आम्ही खान्देशी’ हे रोमनमध्ये लिहायला बसलात तर amhi की aamhi, khandeshi की khaandeshi की khandesi, म्हणजे दोन गुणिले तीन, सहा टॅग झाले. देवनागरीत ‘न्दे’चा वाद धरूनही दोनच. कारण इथे उलट झालंय. मराठी शब्दांचं देवनागरी लेखन कुणीतरी बसून ठरवलंय. १९६२ मध्ये मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे नियम आले, १९७२ मध्ये त्यांत भर पडून ते अठरा झाले, आणि शाळेत त्यावरून मार्क कापले गेले. मराठी शब्द रोमनमध्ये कसा लिहायचा याचे मार्क कुणी कधीच कापले नाहीत.

सांगायचा मुद्दा हाच. गावाचं नाव असेल तर रोमन टॅग लोकांना एकत्र आणतो. मराठी शब्द किंवा वाक्य असेल तर तोच रोमन टॅग लोकांना पांगवतो, आणि देवनागरी एकत्र आणते. लिपीपेक्षा त्या लिपीत त्या शब्दाचं लेखन कुणी पक्कं केलंय का, हे महत्त्वाचं.

आणि जिथे कुणीच पक्कं केलेलं नाही तिथे दोन्हीकडे बोंब. कानबाईचं उदाहरण घ्या. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी खान्देशात घरोघरी कानबाई बसते, रोट होतात, सोमवारी विसर्जन. सुरतेपासून पुण्यापर्यंत पांगलेली मंडळी त्या दिवशी गावाकडचे फोटो शोधत असतात. पण कुणाची ती कानबाई, कुणाची कानुबाई, कुणाची कानुमाता. देवनागरीत तीन, आणि रोमनमध्ये प्रत्येकाचे पुन्हा kan आणि kaan असे दोन-दोन. तीनचे नऊ ढीग झाले. सण एक दिवसाचा, लोक मर्यादित, आणि त्यातही प्रत्येकजण वेगळ्या खोलीत बसून ‘कुणी आहे का?’ विचारतोय.

आता देवनागरीची एक अडचण, जी मला सगळ्यात रंजक वाटते. मराठीत नाम वाक्यात आलं की त्याचं रूप बदलतं. धुळे, पण धुळ्यात, धुळ्याला, धुळ्याचा. इंग्रजीत शब्दाला धक्का न लावता वाक्याच्या मधोमध टॅग बसतो. मराठीत ‘काल #धुळ्यात पाऊस झाला’ लिहिलंत तर तो #धुळे या ढिगात जाणारच नाही, वेगळा टॅग झाला. ‘#जळगावमध्ये’ म्हटलं तरी तेच. #जळगाव लिहून मध्ये जागा सोडली तर शाळेतल्या बाई डोळ्यांसमोर उभ्या राहतात. मग लोकांनी पळवाटा काढल्या. एक म्हणजे ‘#Dhule मध्ये’. रोमन शब्दाला प्रत्यय चिकटवायची सक्ती वाटत नाही, जागा सोडली तरी डोळ्याला खुपत नाही. माझ्या मते मराठी वाक्यांत रोमन टॅग घुसण्याचं हे एक मोठं कारण आहे, आणि त्याचा न्यूनगंडाशी काही संबंध नाही. दुसरी पळवाट म्हणजे ‘#धुळे येथे’. बोलताना ‘मी धुळे येथे राहतो’ असं कुणी म्हणत नाही. हा निमंत्रणपत्रिकेचा आणि सरकारी पत्राचा ‘येथे’. पण तो नामाला हात लावत नाही, म्हणून टॅगवाल्यांच्या फार कामाचा!

आणखी एक भानगड आहे ती डोळ्यांना दिसतच नाही. ‘शेतकऱ्यांचा’ मधला तो अर्धा र. तो युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिता येतो. एक, साधा र, पाय मोडायचं चिन्ह आणि मग एक अदृश्य जोडणारं अक्षर. दुसरा, नुक्तावाला ऱ आणि पाय मोडायचं चिन्ह. कुठला कळफलक वापरता त्यावर ठरतं. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे.

```python
a = 'र\u094d\u200dया'
b = '\u0931\u094dया'
len(a), len(b), a == b
# (5, 4, False)
```

म्हणजे दोन माणसांनी डोळ्यांना अगदी सारखा दिसणारा #शेतकऱ्यांचा टाकला तरी ते वेगळ्या ढिगांत पडू शकतात. युनिकोडचं जे नेहमीचं सफाईचं काम असतं, सामान्यीकरण, तेही या दोघांना एक मानत नाही. ‘ॲ’चं तसंच आहे. तो एकसंध अक्षर म्हणूनही येतो आणि ‘अ’वर चंद्र देऊनही, त्यामुळे दोन वेगळे टॅग. शंका आली तर सोपी तपासणी आहे. टॅग स्वतः टाइप करून शोधा आणि मग दुसऱ्याच्या पोस्टमधला टॅग दाबून बघा. निकाल वेगळे आले तर समजायचं की आत वेगळं काहीतरी आहे. आधी कुणी मोठ्याने वापरलेला टॅग असेल तर नक्कल करून चिकटवलेला बरा, टाइप करू नये.

मग ढीग फुटल्याने बिघडतं काय? शोधणाऱ्याला कमी सापडतं हे तर झालंच, पण खरा फटका ट्रेंडला बसतो. २०१० मध्ये ट्विटरने स्वतःच सांगितलं होतं की ट्रेंडच्या यादीत एकूण आकड्यापेक्षा अचानक वाढलेला वेग पाहिला जातो. समजा तासाभरात शंभर जणांनी एकाच विषयावर लिहिलं. सगळे एका टॅगखाली असले तर रेघ एकदम उभी चढते. तेच पाच टॅगांत वीस-वीस झाले तर पाच बारीक टेकाडं, यादीत एकही नाही. त्यात शहरवार यादीत मुंबई, पुणे, नागपूर होती, धुळे-जळगाव नव्हती. म्हणजे आमच्याकडच्या विषयाला मुंबईच्या किंवा सबंध देशाच्या यादीत शिरावं लागणार. तिथे पाच टेकाडं कोण बघतो?

हे नुसतं गणित नाही. धुळ्यात अनेक दशकांची एक मागणी होती, मनमाड-इंदूर रेल्वे. मालेगाव, धुळे, शिरपूर, सेंधव्यावरून जाणारा मार्ग. शेवटी २ सप्टेंबर २०२४ ला केंद्रीय मंत्रिमंडळाने ३०९ किलोमीटरच्या या मार्गाला मंजुरी दिली. ती टॅगमुळे मिळाली असं मी अजिबात म्हणत नाही. पण अशा मागणीचा टॅग काय असावा, हा हिशोब करून बघण्यासारखा आहे. मराठी माणूस लिहिणार #मनमाडइंदूररेल्वे. सेंधव्याचा, महूचा माणूस लिहिणार #मनमाडइंदौररेलवे. लिपी एकच, मागणी एकच, तरी दोन ढीग! #ManmadIndore मध्ये मात्र दोन्ही राज्यांचे लोक, दिल्लीचे अधिकारी आणि इंग्रजी पत्रकार एकत्र येतात, कारण Indore हे स्पेलिंगही साहेबाने पक्कं करून ठेवलंय. इथे देवनागरीचा हट्ट धरला तर नुकसान आपलंच.

पण विषय फक्त गावातल्यांचा असेल तर चित्र उलटं होतं. ऑगस्ट २०१९ मध्ये पांझरेला पूर आला तेव्हा कुठला पूल बंद, कुठल्या भागात पाणी शिरलं, ही माहिती धुळेकरांनाच हवी होती. #dhule मध्ये बाहेरच्यांची गर्दीही असते. शिवाय हिंदीत ‘धुले’ म्हणजे धुतलेले, तेव्हा रोमनमध्ये कुणाचे कपडे आणि आमचं गाव एकाच टॅगमध्ये :) #धुळे मध्ये तसं होत नाही, कारण त्यात ‘ळ’ आहे. देवनागरी हिंदीची आणि नेपाळीचीही लिपी आहे, त्यामुळे #भारत किंवा #शिक्षण असा टॅग टाकला की हिंदीच्या समुद्रात मराठी पोस्ट बुडाली. पण ‘ळ’ आला की ती अडचण बरीच मिटते. #दिवाळी मध्ये मराठी माणसं, #दिवाली मध्ये हिंदी. आपण न ठरवता मिळालेलं कुंपण आहे ते.

सध्या टॅगचं राज्य तसं उतरणीला लागलंय. ट्विटरचं २०२३ मध्ये एक्स झालं. इन्स्टाग्रामने डिसेंबर २०२४ मध्ये टॅग फॉलो करायची सोय काढून टाकली, आणि टॅगने रीच फारसा वाढत नाही असं त्यांचे प्रमुख ॲडम मोसेरी वारंवार सांगतात. आता पोस्टच्या मजकुरातले शब्दसुद्धा शोधात येतात. पण त्याने लिपीचा प्रश्न सुटलेला नाही, तो टॅगमधून मजकुरात सरकलाय. ‘dhulyat paus’ आणि ‘धुळ्यात पाऊस’ हे अजूनही एकमेकांना सहज ओळखत नाहीत.

धुळ्यात राजवाडे संशोधन मंडळात मोडी कागदांचे गठ्ठे आहेत. एकेकाळी रोजचा व्यवहार त्या लिपीत चालायचा, आज ते वाचायला जाणकार शोधावा लागतो. २०१४ मध्ये मोडीला युनिकोडमध्ये जागा मिळाली, म्हणजे तत्त्वतः मोडीतही टॅग करता येईल. बघणारे किती, ते सोडा.

माझा खरा जीव अडकलाय तो अहिराणीत. अहिराणीत ‘ळ’चा ‘य’ होतो. डोळा म्हणजे डोया, काळा म्हणजे काया. तसं धुळे म्हणजे धुये आणि जळगाव म्हणजे जयगाव. अहिराणीत मनापासून लिहिणाऱ्याचा टॅग #धुये असायला हवा. तो लिहिला तर मराठीचं ते ‘ळ’चं कुंपण त्यालाच आडवं येतं, #धुळे वाल्यांना तो दिसत नाही. #dhule लिहिला तर दिसतो, पण त्यातून अहिराणीपणच गेलं. #अहिराणी या टॅगमध्ये लोक सापडतात खरे, पण तो भाषेच्या नावाचा टॅग झाला, त्या भाषेतल्या शब्दांचे टॅग वेगळे. अहिराणी कशी लिहायची याचे ना गॅझेटियर आहे ना अठरा नियम. अहिराणी व्हिडिओंच्या खाली बघितलंत तर बहुतेक जण #ahirani #khandesh #dhule असे तीन टॅग टाकतात, आणि वर मजकूर देवनागरीत, ज्याला जसं ऐकू येतं तसा.